शब्दाशब्दामागे 👏 टाकलं आणि अण्णांनी ग्रुप सोडला. माझं नेमकं कुठं चुकलं?

विश्रामबागकर

आमची सांगलीत विश्रामबागेत बारा फ्लॅटची अपार्टमेंट आहे. यंदा ग्रुप सांभाळायची पाळी माझ्याकडं आली आहे. शनिवारी रात्री कुणीतरी बोअरची मोटार चालू ठेवून झोपलं. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यानं खाली आलं आणि तळमजल्यावरच्या आजींच्या दारातली पायपुसणी, चपला, रविवारच्या पेपरचा गठ्ठा सगळं भिजलं. शेवटी आजींनीच पहाटे उठून मोटार बंद केली. सकाळी त्यांना फरशी पुसताना बघितलं आणि मी चिडून ग्रुपवर टाकलं:

मोटार 👏🏽 बंद 👏🏽 करायची 👏🏽 जबाबदारी 👏🏽 प्रत्येकाची 👏🏽 आहे 👏🏽

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोरं असं लिहितात. शब्द न् शब्द ठासून सांगायचा असेल तर लिहितात, एवढंच मला माहीत होतं. तिघांनी लगेच खाली 👏👏👏 टाकलं, एकानं "अभिनंदन" लिहिलं. आणि दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा ग्रुपमधून बाहेर पडले.

अण्णा निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. मोटार त्यांच्याकडूनच राहिली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुपारी जिन्यात भेटले. म्हणाले, "चूक माझी, मान्य आहे. पण भर ग्रुपात टाळ्या पिटून हुर्यो उडवायचं माझं वय आहे का गं?" मला काही बोलता आलं नाही. मेसेज दुरुस्त करायला गेले तर पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती. डिलीट केला, तर लोक विचारायला लागले की काय लिहिलं होतं.

एकच मेसेज. तिघांना कौतुक वाटलं, अण्णांना टवाळी वाटली आणि मला तो नुसता जोर वाटत होता. असं का झालं? कुणी नीट सांगेल का?

कास_पठारी

ताई, माझ्याही फोनवर हेच होतं. शब्द टाइप केला की कीबोर्ड आपोआप चित्र सुचवतो आणि चुकून बोट लागतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन इमोजीच्या सूचना बंद करा, परत येणार नाहीत.

विश्रामबागकर

दादा, चुकून नाही पडलं. मी मुद्दाम टाकलं होतं, तीच तर अडचण आहे.

कंदी_पेढा

टाळ्यांचं हे सगळं 2020 पासून सुरू झालं. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळे गॅलरीत येऊन टाळ्या-थाळ्या वाजवत होतो ना, डॉक्टर-नर्सेससाठी? तेव्हाच हा इमोजी आला आणि तेव्हापासून त्याचा अर्थ आभार. त्या तिघांचं बरोबर आहे, अण्णांचा गैरसमज झाला. त्यांना तसं समजावून सांगा, मिटेल.

मिरजेचा_तंबोरा

कंदी पेढा, तुमची अर्धी गोष्ट बरोबर आहे. आपल्याकडच्या वयस्कर लोकांच्या मनात तो दिवस अजून ताजा आहे, त्यामुळे टाळी दिसली की त्यांना कौतुक आठवतं. त्या तिघांचंही तेच झालं असणार. पण इमोजी जुना आहे. युनिकोडमध्ये तो 2010 साली आला, U+1F44F या क्रमांकानं. त्वचेचे रंग 2015 साली मिळाले. आणि शब्दांच्या मधे टाळी घालायची रीत आपल्या टाळ्या-थाळ्यांच्या आधीची आहे, शिवाय ती आली दुसरीकडूनच.

मी बरीच वर्षं कॉलेजात भाषाशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बोलण्यात ही सवय आधीपासून होती. एखाद्याला ठणकावून सांगायचं असलं की शब्दागणिक, कधी अक्षरागणिक हातावर हात मारायचा. रॉबिन थेडी या विनोदी कलाकार बाईंनी 2016 मध्ये लॅरी विल्मोरच्या टीव्ही कार्यक्रमात यावर एक तुकडा केला होता, त्यात अक्षरागणिक दुहेरी टाळी कशी मारतात ते त्यांनी करून दाखवलं. त्याच सुमारास ट्विटरवर शब्दांच्या मधे 👏 घालून लिहिणं सगळीकडं पसरलं. मूळ बायका राहिल्या बाजूला आणि जगभरची पोरं ते वापरायला लागली.

आता मुद्द्यावर येतो. बोलताना आपला हात दोन प्रकारचं काम करतो. "एवढा मोठा मासा" म्हणताना हात माशाची लांबी दाखवतो, त्या हाताला अर्थ असतो. पण भांडताना जे बोट खालीवर आपटतं, त्याला स्वतःचा अर्थ काहीच नसतो, ते फक्त ठेका धरतं. वाक्याच्या शेवटी टाकलेली 👏👏👏 पहिल्या जातीची, म्हणजे खरी टाळी, कौतुकाची. शब्दांच्या मधली 👏 दुसऱ्या जातीची. तिथं टाळी हा अर्थच उरत नाही, फक्त आपटणं उरतं. ताई, तुम्ही ठेका लिहिला आणि त्या तिघांनी टाळी वाचली. दोघांच्या डोळ्यांपुढं चित्र मात्र एकच होतं.

हरिपूर_रोड

सर, भांडतानाचं बोट कशाला? आपल्या प्रत्येकाच्या आईचा धपाटा आठवा.

मी सात वर्षांची असताना कृष्णेच्या घाटावर एकटी गेले होते, पाणी चढलेलं असताना. आईनं घरी आणलं आणि पाठीत सुरू केलं. "परत", धप्. "जाशील", धप्. "का", धप्. "तिकडं", धप्. एका शब्दाला एक. ओरडत नव्हती, आवाज उलट खाली गेला होता. ताईंचा मेसेज वाचला आणि मला तेच ऐकू आलं. हे ठासून सांगणं नाही ताई, हे मारत मारत सांगणं आहे. आई मारते तेव्हा ठीक असतं, कारण तिला तो हक्क आहे. ग्रुपवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपण मारू शकतो का?

विश्रामबागकर

हे वाचून पोटात कालवलं. मी त्या बाजूनं विचारच केला नव्हता. मला वाटत होतं, अधोरेखित करतो तसंच आहे हे.

शाहूपुरी_सातारा

मग माझं काय झालं म्हणायचं? आमची लेक पुण्यात असते. परवा तिचा मेसेज आला, "पप्पा 👏 बीपीची 👏 गोळी 👏 घ्या 👏". आदल्या दोन दिवशी मी घेतली नव्हती, पण त्या दिवशी घेतलेली. मला वाटलं पोरीला कुणी सांगितलं असेल, शाबासकी देतीया. राजवाड्याच्या कट्ट्यावर दोघातिघांना दाखवला बी मी. घरात बायको म्हणाली, अहो ती चिडलीया तुमच्यावर, तिनं फोन करून मला सांगितलंय. आता खरं काय धरायचं? चिडली असती तर फोन केला असता की मला, चित्रं कशाला काढंल?

नाट्यपंढरीची_लेक

काका, चिडलीय, पण मायेनं चिडलीय. मी एकवीस वर्षांची आहे, माझ्या बाबांना मीही असंच लिहिते. फोन केला तर भांडण होईल, साधं लिहिलं तर बाबा "हो" म्हणून विसरतील. म्हणून हे मधलं.

पण एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. आमच्या वर्गात याचा दुसराही वापर आहे आणि तो खरंच टोचतो. एक मित्र रोज उशिरा येतो आणि रोज तेच सांगतो. त्याच्या नावानं ग्रुपवर पडतं: "मी 👏 पाचच 👏 मिनिटात 👏 पोचतो 👏". हे त्याचेच शब्द, टाळ्या आमच्या. तो बिचारा एकदा खरंच आईला दवाखान्यात नेऊन आला होता, आणि आम्ही तेव्हाही हेच टाकलं होतं. मला अजून वाईट वाटतं.

मी कसं ओळखते सांगू? शब्द कुणाचे आहेत ते बघते. लिहिणाऱ्याचे स्वतःचे शब्द असतील आणि त्यात काहीतरी करायला सांगितलं असेल, तर ते दटावणं. शब्द दुसऱ्याचे उचललेले असतील, तर ती चेष्टा. ताईंच्या वाक्यात "मोटार बंद करा" असं सरळ सांगणं नव्हतं. "जबाबदारी प्रत्येकाची आहे" हे सोसायटीच्या बोर्डावरचं वाक्य वाटतं, म्हणजे जणू कुणीतरी आधी म्हटलेलं. म्हणून अण्णांना ती नक्कल वाटली असेल.

मिरजेचा_तंबोरा

ही कसोटी फार चांगली आहे. अण्णा तर शिक्षक. असली वाक्यं त्यांनी शेकडो वेळा वर्गात म्हटली असतील. त्यांना ती स्वतःचीच वाक्यं टाळ्यांसकट परत आल्यासारखी वाटली असतील, तर नवल नाही.

शिवाय टाळीतून टवाळी ही आपल्याला अमेरिकेकडून घ्यावी लागली नाही. ती आपल्याकडं आधीच होती. गॅदरिंगच्या नाटकात पोरगं संवाद विसरलं की मागच्या रांगेतून टाळ्या सुरू व्हायच्या, त्याला खाली बसवायला. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक उभं केलं ते सांगलीतच, आणि नको तिथं वाजलेली टाळी म्हणजे हुर्यो हे इथल्या प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागत नाही. अण्णांनी नेमका "हुर्यो" हाच शब्द वापरला आहे. त्यांच्याकडं या चित्राचा जो अर्थ तयार होता, तो त्यांनी लावला. त्यांचा गैरसमज झाला असं मी म्हणणार नाही.

आता एक गोष्ट फक्त मराठीपुरती. इंग्रजीत बोलताना काही शब्द जोरात पडतात, काही दबतात, आणि जोर मुख्यतः आवाजानंच दाखवावा लागतो. तिथं शब्दही आखूड. त्यामुळे प्रत्येक शब्दावर टाळी मारली की ठेका बसतो. आपण जोर शब्दाच्या पोटातच घालतो. "तुम्ही" चं "तुम्हीच" केलं की काम झालं. "अजिबात" चं "अज्जिबात", "सगळं" चं "सग्गळं". हे सगळं असताना वर टाळी मारली, तर जोर दुप्पट होतो आणि वाचणाऱ्याला तो अंगावर येतो.

शिवाय टाळी पडते कुठं बघा. "बंद करायची" हा एकच घास आहे, त्याच्या मधे टाळी आली आणि तो तुटला. "आहे" तर आपण बोलताना जवळजवळ गिळतो, "प्रत्येकाचीये" असं म्हणतो. त्या "आहे"लाही टाळी मिळाली. जिथं आवाज कधी चढत नाही तिथं चढवला की ते बोलणं राहत नाही, नक्कल होते.

मिरजेत राहतो म्हणून तालाचंच उदाहरण देतो. तीनतालाच्या सोळा मात्रा. हातानं ताल देताना टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. नवव्या मात्रेला खाली, तिथं हात नुसता उलटा करून सोडायचा, आवाज करायचा नाही. म्हणजे सोळा मात्रांत वाजणाऱ्या टाळ्या तीनच. त्या खालीमुळेच सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठं आहे ते कळतं. सोळाच्या सोळा मात्रांवर टाळ्या मारणाऱ्याला सम सापडत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. तुमच्या मेसेजमध्ये सहा शब्द, सहा टाळ्या, खाली कुठंच नाही. मोटार महत्त्वाची की बंद करणं की प्रत्येकजण? वाचणाऱ्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी हात आपटतंय.

हरिपूर_रोड

सर, तालाचं पटलं, पण "आहे"वर जोर पडत नाही हे नाही पटत. माझ्या आईनं "का"वर पण मारलं होतं. "का" तर त्याहून दबका शब्द. राग खरा असला की व्याकरण बघून हात पडत नाही.

मिरजेचा_तंबोरा

तुमचा "का" प्रश्नाचा आहे, तो मला वेगळा वाटतो. पण धपाट्याच्या बाबतीत तुमच्याकडं पुरावा आहे, माझ्याकडं नाही. यावर मला विचार करावा लागेल.

आयर्विन_पूल

मला डोळ्यांनी दिसत नाही, फोनवरचं सगळं टॉकबॅक मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मी ऐकतो. धागा वाचताना प्रत्येकाची उदाहरणं ऐकली, म्हणून सांगावंसं वाटलं.

टॉकबॅक 👏 ला ठेका म्हणून वाजवत नाही, त्याचं नाव उच्चारतो. वर त्वचेचा रंग निवडला असेल तर तोही सांगतो. म्हणजे ताईंचा मेसेज माझ्या कानात असा आला: मोटार, टाळ्या वाजवणारे हात, मध्यम त्वचा रंग, बंद, टाळ्या वाजवणारे हात, मध्यम त्वचा रंग, करायची... सहा शब्दांसाठी सहा वेळा हे सगळं. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला मोटार होती की लिफ्ट तेच विसरलो. मागं जाऊन शब्द शब्द करून ऐकावं लागलं. तंबोरासरांनी जो राग, ठेका, नक्कल सांगितली, त्यातलं मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त अडथळा ऐकू आला.

सोसायटीच्या सूचनेत तर असं करूच नका. पाणी, वीज, लिफ्ट, गॅस यांचे मेसेज मला एका दमात कळायला पाहिजेत. टाळी टाकायचीच असेल तर शेवटी एक टाका, साधी पिवळी.

विश्रामबागकर

दादा, मनापासून माफ करा. आमच्या तळमजल्यावरच्या आजींचीही नजर कमी झालीय, त्या नातवाकडून मेसेज वाचून घेतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मी चिडले होते त्यांनाही तो नीट पोचला नसणार.

कंदी_पेढा

माझं 2020 चं चुकलं, मान्य. पण मग नम्रपणे लिहिलं तर चालेल का? "कृपया 👏 मोटार 👏 बंद 👏 करा 👏"? आदर पण राहतो, जोर पण राहतो.

नाट्यपंढरीची_लेक

नको काका. "कृपया"वर टाळी पडली की ते सगळ्यात जास्त लागतं. त्याचा अर्थ होतो, "हात जोडून सांगून थकलो तरी तुम्हाला कळत नाही". आदराचा शब्द जितका मोठा, तितकी टाळी कडू होते. आम्ही पोरं एकमेकांत "कृपया 👏 नोट्स 👏 परत 👏 द्या 👏" असं लिहितो ते अगदी शेवटचा उपाय म्हणून.

शाहूपुरी_सातारा

म्हंजे लेकीनं "पप्पा"वर टाळी मारलीया, ते पण तसंच का?

नाट्यपंढरीची_लेक

काका, ते मला नक्की सांगता येत नाही. माझ्या बाबांना मी "बाबा" लिहिते तेव्हा टाळी "बाबा"नंतर सुरू होते, पण ती बाबांवर नसते. तुम्ही तिलाच विचारा. गोळी घेतलेल्या पाकिटाचा फोटो पाठवा आणि मग विचारा.

शाहूपुरी_सातारा

व्हय, फोटो पाठवतो.

विश्रामबागकर

सगळ्यांचं वाचून नवीन मेसेज तयार केलाय. टाकायच्या आधी तुम्हाला दाखवते:

"रात्री मोटार लावली तर बंद करूनच झोपावं ही विनंती. शनिवारी पाणी जिन्यात आल्यामुळे तळमजल्यावर त्रास झाला. रविवारचा माझा मेसेज ज्या पद्धतीनं लिहिला होता ती चूक होती, त्याबद्दल सर्वांची माफी."

मिरजेचा_तंबोरा

"करूनच" मधल्या एका च नं तुमच्या सहा टाळ्यांचं काम केलं. फक्त "शनिवारी" काढा. ग्रुपवर आता सगळ्यांना माहीत आहे की शनिवारी कुणाकडून राहिली. "मागं एकदा" म्हणा.

हरिपूर_रोड

आणि माफीचं वाक्य ग्रुपवर नको. अण्णा ग्रुपमध्ये नाहीत, त्यांना ते दिसणारच नाही. बाकी अकरा घरांना मात्र परत आठवण होईल. ते वाक्य अण्णांना घरी जाऊन सांगा.

आयर्विन_पूल

नवीन मेसेज एकदाच ऐकला, पूर्ण कळला.

विश्रामबागकर

दोन्ही दुरुस्त्या करते. माफीचं वाक्य काढलं, "शनिवारी" काढलं. अण्णा सातच्या बातम्या झाल्या की गच्चीवर फेरी मारायला येतात. मी तेव्हा वर जाते. टाकीचा व्हॉल्व्ह त्यांना दाखवायचाच आहे, त्याला फ्लोट बसवला तर टाकी भरली की पाणी आपोआप थांबेल का, हे त्यांनाच विचारते. बोअरच्या मोटारीला तसं चालत नाही असं प्लंबर म्हणाला होता, दाब वाढून पाइप सुटतो म्हणे. त्याला मोटारच बंद करणारा स्विच लागतो. अण्णा विज्ञान शिकवायचे, त्यांना माहीत असेल.